38 जीबी शून्यावर अडकली तेव्हा: व्हीपीएन आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा माझा अनुभव

"आमच्या सगळ्या सर्व्हरवर पी-टू-पी चालतं." व्हीपीएन कंपनीच्या मदत विभागाकडून हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की अजूनही आठवलं की डोकं तापतं. मी विचारत होतो ते सरळ होतं: बाहेरून कोणी माझ्या मशीनशी जोडणी सुरू केली, तर तुमचा सर्व्हर ती माझ्यापर्यंत पोहोचवतो का? यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

आमच्या गटाने गावोगावी जाऊन जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आहेत. गाणाऱ्या बायकांची लेखी परवानगी आहे आणि सगळं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं आहे. मूळ फाइली 38 जीबी. क्लाउडवर ठेवायचं भाडं परवडत नाही, म्हणून मी टोरेंट बनवला आणि नाशिकहून सीड करायला, म्हणजे माझ्या मशीनवरून इतरांना फाइली द्यायला लागलो. घरचं इंटरनेट सीजीनॅटमागे आहे, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी पत्ता कंपनी अनेक घरांत वाटते. राउटरच्या वॅन पानावर पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला दिसला, तर तुम्हीही तिथेच आहात असं समजा. शिवाय टोरेंटमध्ये सामील झालेल्या कोणालाही आपला पत्ता दिसतो, तोही मला उघडा ठेवायचा नव्हता. म्हणून वर्षभराचं व्हीपीएन घेतलं.

व्हीपीएन लावून डेबियन लिनक्सची आयएसओ फाइल टोरेंटने भरधाव उतरली. त्यामुळे सगळं ठीक आहे असंच वाटत होतं. मग अमरावतीच्या शिक्षक मित्राने ओव्यांचा टोरेंट लावला आणि रात्री फोन आला, "सर, शून्यावरच बसलंय. सीडच्या रकान्यात 0 (1) दिसतंय."

त्या 0 (1) मध्येच सगळं उत्तर होतं. क्यूबिटटॉरेंट या टोरेंटच्या प्रोग्राममध्ये कंसातला आकडा ट्रॅकरला, म्हणजे टोरेंटमध्ये कोण आहे याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला, माहीत असलेले सीडर दाखवतो आणि कंसाबाहेरचा प्रत्यक्ष जोडलेले. म्हणजे मी आहे हे त्याला कळत होतं, पण माझ्यापर्यंत येता येत नव्हतं. तोही मोबाइल इंटरनेटवर, सीजीनॅटमागे. त्याने मला हाक मारली की व्हीपीएनच्या सर्व्हरवर ती टाकून दिली जायची, कारण ती कोणत्या ग्राहकाकडे द्यायची हे सर्व्हरला ठाऊक नव्हतं. मी त्याला हाक मारली की त्याच्या मोबाइल कंपनीच्या नॅटवर तेच व्हायचं. दोन्ही घरांना आतूनच उघडणारी दारं असावीत आणि दोघेही आत बसून एकमेकांची वाट पाहत असावेत, तसा प्रकार. डेबियनला हे जाणवत नाही, कारण तिथे खुल्या पोर्टचे, म्हणजे बाहेरून जोडता येणारे सीडर भरपूर असतात आणि आपण बाहेर जाऊन त्यांना गाठतो. जोडीतल्या एकाचं पोर्ट उघडं असलं तरी पुरतं. सीडर एकटाच असेल तर मात्र ते उघडं पोर्ट त्याच्याकडेच असलेलं बरं. नाहीतर ज्यांचं पोर्ट खुलं आहे त्यांनाच त्याच्याकडून थेट फाइल मिळते.

हे मी मदत विभागाला लिहून कळवलं. पहिलं उत्तर: सर्व्हर बदला. सिंगापूर झालं, नेदरलँड्स झालं. मग प्रोटोकॉल बदला, ओपनव्हीपीएनऐवजी वायरगार्ड. मग ॲप काढून पुन्हा टाका. दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी मी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची. एकाने तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा म्हणून चित्रांसकट सूचना पाठवल्या. त्याचा मला अजूनही राग आहे, कारण व्हीपीएन कंपनीत बसलेल्या माणसाला हे कळायलाच हवं. व्हीपीएन चालू असताना बाहेरचा माणूस येतो तो व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्यावर. माझ्या राउटरला दिसतो फक्त एक कूटबद्ध प्रवाह, आणि त्यातल्या कोणत्याही पोर्टला राउटरचा नियम लागू होत नाही. व्हीपीएन बंद केलं तरी वर सीजीनॅट आहेच. दार उघडायचं ते व्हीपीएनच्या सर्व्हरवर, आणि ते फक्त कंपनीच उघडू शकते.

माझं निदान पक्कं झालं ते पुण्याच्या एका सहकाऱ्यामुळे. त्याच्याकडे स्थिर सार्वजनिक आयपी आहे. त्याने टोरेंट लावताच माझ्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून अमरावतीला तुकडे जायला लागले. त्याने लॅपटॉप मिटला की थोड्या वेळाने अमरावती पुन्हा शून्यावर. हे सगळं स्क्रीनशॉटसह पाठवल्यावर अखेर उत्तर आलं: "पोर्ट फॉरवर्डिंग ही सुविधा आमच्या सेवेत नाही." हे एक वाक्य पहिल्याच दिवशी लिहिता आलं असतं. तोवर पैसे परत मागायची मुदत संपून गेली होती.

ही सुविधा कमी होत चालली आहे, हे खरं. मुलवाड या व्हीपीएन कंपनीने 29 मे 2023 ला ती बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि 1 जुलैपासून काढली. काही लोक त्या पोर्टांवरून नको ते मजकूर आणि घातक सेवा चालवत, पोलिसांच्या चौकशा येत, सर्व्हरचे पत्ते काळ्या यादीत जात, असं त्यांनी कारण दिलं. आयव्हीपीएननेही त्याच वर्षी ती काढायला घेतली. कारण पटण्यासारखं आहे. पण नाही तर नाही, असं त्यांनी उघड सांगितलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. अजून देणाऱ्यांत एअरव्हीपीएन आहे, जिथे पोर्टचा आकडा आपल्या नावावर कायम राहतो, आणि प्रोटॉन आहे, जिथे तो दर जोडणीला बदलू शकतो.

मी प्रोटॉनचा पैसे भरून मिळणारा प्लॅन घेतला. विंडोजवर ॲपच आकडा दाखवतं. लिनक्सवर ॲपशिवाय जोडायचं तर वायरगार्डची फाइल बनवतानाच नॅट-पीएमपी हे सर्व्हरकडून पोर्ट मागण्याचं साधन चालू करावं लागतं, नंतर त्या फाइलीत ते जोडता येत नाही. पोर्टचा करार 60 सेकंदांचा असतो, म्हणून तो सतत नवा करत राहायचा:

```
while true; do
  natpmpc -a 1 0 udp 60 -g 10.2.0.1
  natpmpc -a 1 0 tcp 60 -g 10.2.0.1
  sleep 45
done
```

उत्तरात `Mapped public port` पुढे जो आकडा येतो, तोच क्यूबिटटॉरेंटच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये भरायचा. तिथलं यूपीएनपी बंद ठेवा, ते राउटरसाठी असतं. मशीनच्या फायरवॉलमध्येही तो आकडा उघडावा लागतो.

पोर्ट तपासणाऱ्या साइटवर पाहताना टोरेंटचा प्रोग्राम चालू हवा, नाहीतर ऐकणारं कोणी नसल्याने पोर्ट बंदच दिसतं. खालच्या पट्टीतलं पिवळं चिन्हही लगेच हिरवं होत नाही. बाहेरून पहिली जोडणी आली की मगच होतं. माझ्याकडे ते अमरावतीच्या जोडणीने झालं, आणि पुण्याचा सहकारी तेव्हा ऑफलाइन होता! मला कोण आनंद झाला. सकाळपर्यंत ओव्या तिकडे पोहोचल्या होत्या.

एक गोष्ट वर राहिली. प्रगत सेटिंगमध्ये नेटवर्क इंटरफेस म्हणून व्हीपीएनचाच निवडा, म्हणजे व्हीपीएन तुटलं तर सीडिंग थांबतं, घरच्या पत्त्यावरून चालू राहत नाही. पुन्हा जोडल्यावर आकडा बदलला असेल तर तो नव्याने भरा. मित्राकडे परत 0 (1) दिसलं की मी आधी हेच पाहतो.

आणि व्हीपीएन विकत घेण्याआधी विक्री विभागाला "पी-टू-पी चालतं का" असं विचारू नका. "येणाऱ्या जोडणीसाठी पोर्ट देता का, टीसीपी आणि यूडीपी दोन्हीवर, आणि कोणत्या देशांतल्या सर्व्हरवर" असं लेखी विचारा. वर्षाचा प्लॅन नको, आधी महिन्याचा घ्या, आणि पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आत सीजीनॅटमागच्या एखाद्या मित्राला तुमचा टोरेंट उतरवायला सांगा.