"मग जिप्सम पण मीठच की!"

वाळवा तालुक्यातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत मी काम करते. आमचा अहवाल म्हणजे आकड्यांचा तक्ता. शेतकरी तो कागद घेतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि विचारतात, "म्याडम, जमीन चांगली हाय का वाईट?" म्हणून अहवालासोबत द्यायला साध्या मराठीत एक पान लिहायचं काम मी मागून घेतलं. ते पान पहिल्यांदा एका घरी वाचायला दिलं, त्या दिवसाची ही गोष्ट.

आधीच्या सूचनापत्रात एक वाक्य होतं: "विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक आढळल्यास निचऱ्याची उपाययोजना करण्यात यावी, विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास निचऱ्याच्या सोयीनंतर शिफारशीनुसार जिप्समचा वापर करावा." मी त्याचं केलं: "तुमची जमीन क्षारपड आहे. पाण्याचा निचरा करा. जिप्सम टाका." तीन छोटी वाक्यं, एकही अवघड शब्द नाही. मला ते फार आवडलं होतं.

पान घेऊन कृष्णाकाठच्या एका गावात गेले. घरचे अण्णा साठीच्या पुढचे. त्यांच्या उसाच्या रानात कडेकडेनं पांढरं फुटलेलं. अहवालात ईसी म्हणजे विद्युत वाहकता ३.२, पीएच ८.०. अण्णांनी चष्मा लावून पान मोठ्यानं वाचलं, कुठेही न अडखळता. "समजलं का?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्याला सगळे "हो"च म्हणतात, कारण समोरच्याला वाईट वाटू नये असं त्यांना वाटतं. मी विचारलं, "अण्णा, मग आता काय करणार?"

"उद्या दोन टन जिप्सम सांगतो," अण्णा म्हणाले.

"आणि निचरा?"

"ते बगू उन्हाळ्यात. चर खणायचं म्हंजी दिवस जात्यात. जिप्सम काय, दुकानात मिळतंय."

मी गप्प झाले. त्या जमिनीला जिप्समचा उपयोग नव्हता. पैसे गेले असते आणि मीठ तिथंच राहिलं असतं. अण्णांनी मात्र मी लिहिलं होतं तेच वाचलं होतं. तिन्ही वाक्यं सारख्याच वजनाची दिसत होती, त्यातलं जे लवकर होण्यासारखं ते त्यांनी उचललं. जुन्या वाक्यात सगळा अर्थ दोन शब्दांवर उभा होता: "असल्यास" आणि "सोयीनंतर". वाक्यं तोडताना मी नेमके तेच दोन शब्द गाळले होते.

दुसरी चूक "क्षारपड" या शब्दाची. तो सगळ्यांना कळतो म्हणून मी घेतला. पण त्याच्या पोटात दोन वेगळे आजार आहेत. एका जमिनीत विरघळलेलं मीठ जास्त असतं, वर पांढरा थर येतो, अण्णांच्या रानासारखा. दुसरीत सोडियम मातीच्या बारीक कणांना चिकटून बसलेलं असतं. मग कण सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. ओली असली की चिकट, वाळली की दगड. हिला आपल्याकडे चोपण म्हणतात, आणि जिप्सम हे चोपणीचं औषध आहे. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं. हटवलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेलं पाहिजे, म्हणून तिथंही निचरा आधीच लागतो. लोकांकडे "चोपण" हा नेमका शब्द होता आणि मी सोपेपणासाठी त्याहून ढोबळ शब्द लिहिला होता.

मी अण्णांना ईसी समजावायला घेतलं. निव्वळ पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. मीठ विरघळलं की जाते. आम्ही एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ढवळतो आणि वीज किती जाते ते मोजतो. आकडा जितका मोठा तितकं मीठ जास्त. एकच्या आत असेल तर काळजी नाही, एकच्या वर गेला की उगवणीला त्रास व्हायला लागतो. अण्णा म्हणाले, "पण रान तर ओलं हाय. मग ऊस का सुकतोय?"

याचं उत्तर माझ्याआधी काकींनी दिलं. त्या उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. "लोणच्याच्या फोडींला मीठ लावलं की पाणी सुटतंय न्हवं? तसंच झालं असंल मुळांचं."

इतकं नेमकं उदाहरण मला सुचलं नव्हतं. बाहेर मीठ जास्त असलं की पाणी तिकडं ओढलं जातं. जमीन ओली असूनही मुळांना ते पाणी खेचता येत नाही. मी ते वाक्य तिथंच लिहून घेतलं. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "आणि जिप्सम म्हंजी काय असतंय?"

"कॅल्शियम आणि सल्फेट. तोही एक क्षारच."

"मग जिप्सम पण मीठच की!"

रसायनशास्त्राच्या भाषेत ते बरोबर होतं. जिप्सम पाण्यात फार थोडं विरघळतं, त्यामुळे मिठासारखा दणका बसत नाही. पण जिथं आधीच मीठ साठलंय तिथं अजून एक क्षार कशाला, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. दोन टनांचा बेत त्यांनी स्वतःच रद्द केला.

इंग्रजी मजकूर किती सोपा आहे हे मोजायला रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली एक सूत्र दिलं. एका वाक्यात किती शब्द आणि एका शब्दात किती उच्चारखंड, यावरून गुण ठरतात. मीही त्याच धर्तीवर शब्द मोजत होते. मराठीला ते माप लागू पडत नाही. "सामू" म्हणजे पीएच, दोन अक्षरांचा शब्द, मापात अगदी सोपा, पण अण्णांना तो माहीत नव्हता. फवारणीच्या पाण्यामुळे "पीएच" माहीत होता. "उसाच्या सरीमधल्यासुद्धा" मोजायला लांबलचक, पण त्यावर कुणी अडत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे लांबी वाढते, अवघडपणा नाही. आणि "जिप्सम टाका" या वाक्याला तर कुठल्याही मापात पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

त्याच ओट्यावर बसून पान पुन्हा लिहिलं. वाक्यं थोडी लांब झाली:

"पीएच ८.५ च्या आत आणि ईसी १ च्या वर असेल, तर जमिनीत मीठ साठलं आहे. सोडियम तपासल्याशिवाय जिप्सम टाकू नका. आधी चर काढून पाण्याला वाट द्या, मगच चांगलं पाणी देऊन मीठ धुऊन काढा. चर नसताना जास्त पाणी दिलं, तर खालचं पाणी वर येतं आणि मीठ वाढतं.

पीएच ८.५ च्या वर असेल, तर जमीन चोपण असू शकते. सोडियमची तपासणी करून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर निघालं, तरच जिप्सम टाका, तेही चर काढल्यानंतर. किती टाकायचं ते प्रयोगशाळा सांगेल."

"तर", "तरच", "मगच", "आधी" हे शब्द मी जाड अक्षरात केले. अण्णांनी पुन्हा वाचलं. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"आधी चर," ते म्हणाले. "पण पाणी सोडायचं कुटं? ओढा भावकीच्या रानापलीकडं हाय. त्यांनी बांध फोडू दिला पायजे."

त्यासाठी माझ्या पानात ओळच नव्हती. "चराचं पाणी ओढ्यापर्यंत कुठून न्यायचं, ते शेजाऱ्यांशी बोलून आधी ठरवा" ही ओळ मी निचऱ्याच्या वर लिहिली. अण्णा तोवर चप्पल घालून भावकीच्या घराकडे निघाले होते.