१ कोटी भागिले ८६,४००

"आठ वर्षं झाली, सिस्टिम डिझाइन केलंय, एवढे मोठे आकडे लिहिलेत. तरी लीडच्या जागेसाठी माझा रेझ्युमे बाजूला का ठेवलात?"

आकड्यांमुळेच, म्हटलं तर राग येईल. 'रोज १ कोटी रिक्वेस्ट' दिसलं की मी भागाकार करतो. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे सेकंदाला सरासरी ११६. गर्दीच्या वेळी पाचपट धरा, तरी सहाशेच्या आत. नुसती साधी वाचनं असतील तर नीट इंडेक्स केलेला एक डेटाबेस आणि दोन-तीन सर्व्हर एवढं सहज पेलतात. आकडा खोटा नसतो हो, पण कुठे तुंबलं होतं ते त्यातून कळत नाही.

ही अक्कल मला उशिरा आली. पेमेंट टीमसाठी लीड हवा होता. 'पेमेंटचा प्रवाह सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळणे' असं जाहिरातीत मीच लिहिलं होतं. शेवटी दोन रेझ्युमे उरले. एकात काफ्का, मायक्रोसर्व्हिसेस आणि हेच १ कोटी. दुसऱ्यात दिवसाला जेमतेम ४० हजार व्यवहार, पण पुढे लिहिलेलं: टाइमआउटनंतर रिट्राय झाला की ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जायचे, म्हणून प्रत्येक व्यवहाराला ओळखीची एक वेगळी की दिली, रिट्रायलाही तीच ठेवली आणि डेटाबेसात तिच्यावर युनिक कन्स्ट्रेंट घातला, म्हणजे तीच की दुसऱ्यांदा नोंदलीच जाणार नाही. लॉक वापरायचा विचार सोडला, कारण काम चालू असतानाच लॉकची मुदत संपली तर तेच पुन्हा होणार. त्या कागदाच्या समासात मी लिहिलं, "स्केल नाही."

पहिल्याला घेतलं. चार महिन्यांनी एका संध्याकाळी गेटवे मंदावला, आमच्या सर्व्हिसने रिट्राय केले आणि लोकांचे पैसे दोनदा गेले. रात्री दीडला कॉलवर मी चिडून विचारलं, आधीच्या कंपनीत रिट्रायचं काय करायचात? तो म्हणाला, "सर, ते आर्किटेक्ट ठरवायचे. मी सर्व्हिस लिहायचो." दुसऱ्या दिवशी त्याचा रेझ्युमे पुन्हा काढला. त्यात 'सहभाग' लिहिलं होतं. 'नेतृत्व' मी वाचलं होतं.

तेव्हापासून जाहिरातीतल्या एकेका जबाबदारीसमोर रेझ्युमेतली एक ओळ ठेवून बघतो: निर्णय कोणाचा, कुठला पर्याय सोडला, नंतर काय मोडलं आणि ते कोणी निस्तरलं. तुमच्याकडे 'पेमेंट'समोर ठेवायला फक्त टूल्सची नावं मिळाली.

तेव्हाचा मी मात्र अजून भांडतो. म्हणतो, ४० हजारवाल्याला डेटा चार मशीनवर वाटायची वेळ कधी आलीच नव्हती. आली असती तर त्याची युनिक की कुठे पुरली असती? खरंय. एका डेटाबेसातला कन्स्ट्रेंट चार डेटाबेसांत आपोआप लागू होत नाही. शिवाय गोपनीयतेच्या करारामुळे कितीतरी जण तपशील लिहूच शकत नाहीत, आणि आठ जणांनी केलेल्या कामावर 'मी' लिहायची आपल्याकडे लाजही वाटते. असे किती जण माझ्या चाळणीतून गळले असतील.

तुमच्या तिसऱ्या ओळीत 'आम्ही बिलिंग नव्याने उभारलं' आहे. त्या 'आम्ही'त तुम्ही कुठे होतात, हे एका फोनवर विचारता आलं असतं. त्या दिवशी माझ्यापुढे आणखी साठ रेझ्युमे होते. नाही केला फोन.