दांडा सोडा, मग जा

त्या मुलाचा जबाब मीच लिहून घेतला. डोळे धुऊन धुऊन लाल झाले होते, आवाज बसला होता. विचारलं, "भिंतीवरची सूचना वाचली होतीस?" म्हणाला, "हो साहेब." काय लिहिलंय तिच्यात, तर म्हणाला, "काळजी घ्यावी म्हणून लिहिलंय."

ती सूचना मी लिहिली होती. चार वर्षं भिंतीवर होती, आणि रोज तिच्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाला तिच्यातून एवढंच मिळालं होतं.

रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. मिरकरवाड्याला उतरलेला म्हाकूल, बळा आमच्याकडे येतो, साफ होतो, लाद्यांमध्ये गोठतो आणि कंटेनरने जातो. बाहेरच्यांना वाटतं की इथला धोका म्हणजे सुऱ्या आणि ओली फरशी. खरा धोका मागच्या प्लांट रूममध्ये असतो, तो म्हणजे अमोनिया. गोठवणीची सगळी यंत्रणा त्यावर चालते. बंद पाइपात असेपर्यंत तो कोणाचं काही बिघडवत नाही. बाहेर पडला की जिथे ओल दिसेल तिथे धावतो, म्हणजे डोळे, घसा, काखा. द्रवरूपात अंगावर आला तर उणे तेहतीस अंशांचा असतो, चटका आणि गोठणं एकदमच होतं.

कॉम्प्रेसरचं थोडं ऑइल अमोनियाबरोबर वाहत जातं. ते द्रव अमोनियापेक्षा जड, त्यामुळे खाली एका लोखंडी भांड्यात, ऑइल पॉटमध्ये साचतं. ते अधूनमधून काढावं लागतं. जिथे जिथे अमोनियाचा प्लांट आहे तिथे हे काम सगळ्यात साधं समजतात, आणि माणसं याच कामात जखमी होतात. कारण सरळ आहे. ऑइल थंड असतं, काकवीसारखं घट्ट, धार लागत नाही, ठिपकतं. ऑपरेटर कंटाळतो, व्हॉल्व जास्त उघडतो. मग ऑइल एकदम सरकतं आणि त्याच्या मागचा अमोनिया बाहेर येतो.

आमचे फोरमन मालवणकडचे. सगळे त्यांना काका म्हणतात. प्लांट रूममध्ये वीसेक वर्षं ते एकच वाक्य ओरडत आले: "वॉलावरचो हात काढू नको! मडक्याक घाम फुटांदे, मगे उघड!" मडकं म्हणजे ऑइल पॉट. घाम म्हणजे त्याच्यावरचा बर्फ वितळून येणारे थेंब. आत द्रव अमोनिया शिल्लक असेल तर तेवढ्या उंचीपर्यंत भांड्यावर पांढरा थर राहतो. तो वितळून पाणी सुटलं की अमोनिया उडून गेला, आता आत फक्त ऑइल आहे. कुठल्याही मीटरशिवाय, डोळ्यांनी दिसणारी खूण आहे ही.

चार वर्षांपूर्वी ऑडिटमध्ये शेरा आला की तोंडी सूचना चालणार नाहीत, लेखी लावा. तेव्हा आम्ही ज्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली होतो त्याचं कलम १०८ सांगायचं की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. मी म्हटलं, आपली सूचनाही तशीच करू. काकांचं वाक्य घेतलं आणि 'नीट' केलं:

"सर्व संबंधितांना याद्वारे सूचित करण्यात येते की, तेल निचरा प्रक्रियेदरम्यान निचरा झडप अनियंत्रित स्थितीत ठेवण्यात येऊ नये, तसेच पात्रावरील हिम पूर्णतः वितळल्याशिवाय निचरा करण्यात येऊ नये. योग्य ती दक्षता घेण्यात यावी."

ऑडिटरला आवडलं, मलाही आवडलं. आज वाचतो तेव्हा दिसतं की या मजकुरात माणूसच नाही. 'ठेवण्यात येऊ नये', पण ठेवणार कोण? प्लांट रूममध्ये झडप कोणी म्हणत नाही, वॉल म्हणतात. आणि काकांनी "आधी घाम, मग उघड" असा कामाचा क्रम सांगितला होता, त्याचं मी 'वितळल्याशिवाय नये' करून टाकलं. दोन नकार एकमेकांत अडकवले. रात्रपाळीत बारा तास उभ्या असलेल्या माणसाने ते उलगडायचं कधी?

आता त्या संध्याकाळबद्दल. ऑक्टोबर होता, माल भरपूर, सगळे फ्रीझर चालू. तो मुलगा, वय तेवीस, ऑइल काढायला बसला. आमच्या ड्रेनला दोन व्हॉल्व आहेत. आधी चाकाचा साधा, आणि त्याच्या पुढे स्प्रिंगचा दांडा, जो दाबून धरला तरच उघडा राहतो आणि सोडला की बंद होतो. पॉटवर खाली चार बोटं पांढरा पट्टा अजून होता. पाळी संपत आलेली, ऑइल ठिपकत होतं. तेवढ्यात कॉम्प्रेसर ट्रिप झाल्याचा अलार्म वाजला. त्याने खिशातली तार काढून दांडा बांधला आणि दहा पावलांवरच्या पॅनेलकडे गेला.

ऑइल संपल्याचा आवाज वेगळा असतो. आधी थुंकल्यासारखा, मग सलग फूत्कार. तो मागे वळला तोवर पांढरं धुकं गुडघ्याएवढं झालं होतं. तरी तार सोडवायला वाकला, आणि तेव्हाच तोंडावर फवारा बसला. काकांनी हवेचा सिलिंडर पाठीला लावून आत जाऊन चाक बंद केलं. मुलाचे डोळे पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरले, तो ओरडत होता तरी धरले. डोळे वाचले. शेजारच्या हॉलमधल्या दोन मावश्यांना खोकल्यामुळे रात्रभर इस्पितळात ठेवावं लागलं.

जबाबाच्या शेवटी मी विचारलं, दांडा का बांधलास? माझी अपेक्षा होती की तो मान खाली घालेल. त्याने सरळ उत्तर दिलं: "काका सांगतात हात काढायचा नाही. अलार्म वाजला, जायला तर लागणार. म्हणून हाताच्या जागी तार बांधली. आणि सोडलं असतं तर परत पहिल्यापासून ठिपकत बसायला लागलं असतं."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. स्प्रिंगचा दांडा बसायच्या आधी तिथे नुसता चाकाचा व्हॉल्व होता. त्या काळी हात काढून निघून जाणं म्हणजे व्हॉल्व उघडा टाकणं, म्हणून "हात काढू नको" अगदी बरोबर होतं. दांडा आल्यावर अर्थ उलटा झाला. हात काढला की व्हॉल्व बंद होतो, संकटात तेच करायचं असतं. यंत्र बदललं, आरोळी तीच राहिली, आणि मी ती आरोळी अर्थ न तपासता सरकारी मराठीत चढवून भिंतीवर लावली. 'अनियंत्रित स्थितीत ठेवू नये' वाचून तार बांधणाऱ्याला तर वाटेल की आपण नियंत्रणच ठेवलंय.

नवी सूचना लिहायला मी काकांना घेऊन पॉटसमोर बसलो. कागद नंतर, आधी त्यांना काम करून दाखवायला सांगितलं. ते प्रत्येक व्हॉल्वला "ह्यो" म्हणत होते. बोलताना बोट असतं, कागदाला बोट नसतं. म्हणून आधी रंगीत पत्रे अडकवले: द्रव आत येण्याचा व्हॉल्व पिवळा, वाफ परत जाण्याचा हिरवा, ड्रेनचं चाक आणि दांडा लाल. ओडिशाच्या मुलांना देवनागरी येत नाही, त्यांनाही रंग कळतात.

मग वेळेचा वाद झाला. मुख्य कार्यालयाला आकडा हवा होता. काका म्हणाले, मिनिटं मोजू नका, घाम बघा. पॉटमध्ये किती साचलंय यावर वेळ बदलते. दोघांचं खरं होतं. नुसता आकडा दिला असता तर घड्याळ बघून लोकांनी बर्फावरच व्हॉल्व उघडला असता. शेवटी दोन्ही लिहिले, पण अंतिम शब्द बर्फाचा.

'नये' की 'नका' यावर पर्सोनेलच्या साहेबांशी अर्धा दिवस गेला. त्यांच्या मते 'बांधू नका' लिहिलं तर कारखान्याची सूचना घरगुती वाटते. मला हे अजिबात पटलं नाही. तारीख, सही, सूचना क्रमांक, कोणाला लागू हे सगळं असलं की सूचना औपचारिकच असते. क्रियापद समोरच्या माणसाशी बोललं म्हणून तिचा दर्जा उतरत नाही. 'नये' सगळ्यांना लागू होतं आणि म्हणून कोणालाच लागत नाही. मजकूर असा ठरला:

"ऑइल काढणाऱ्या ऑपरेटरसाठी.
पिवळा बंद करा. हिरवा उघडा ठेवा.
पॉटवरचा सगळा बर्फ वितळू द्या. किमान अर्धा तास थांबा. तरी बर्फ दिसला तर ऑइल काढू नका, फोरमनला बोलवा.
बर्फ गेला की हिरवा बंद करा. मग लाल चाक उघडा आणि लाल दांडा हाताने दाबून धरा.
अलार्म वाजला, कोणी हाक मारली, काहीही झालं: दांडा सोडा, चाक बंद करा, मग जा.
दांडा कशानेही बांधू नका. बांधला तर ऑइलमागून अमोनिया तुमच्या तोंडावर येईल."

लावण्याआधी दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला एकदा वाचायला दिला, कागद काढून घेतला आणि म्हटलं, करून दाखव. पहिल्या मसुद्यात 'दांडा सोडा, मग जा' एवढंच होतं. त्याने दांडा सोडला आणि चाक उघडंच ठेवून निघाला. 'चाक बंद करा' हे तीन शब्द त्याच्यामुळे आले.

"ही घटना इथे घडली आहे" असं एक वाक्य मला शेवटी हवं होतं. व्यवस्थापनाने काढलं. मला ते अजून खटकतं.

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वीस वर्षांचं वाक्य भिंतीवरून गेलं होतं. तिसऱ्या दिवशी प्लांट रूममधून आवाज आला: "दांडो सोड, मगे जा! आयकलंस?"

मात्र दांड्याची स्प्रिंग कडक आहे, हे सूचनेने सुटत नाही. थंड ऑइल ठिपकत असताना तो दहा मिनिटं दाबून धरला की मनगट भरून येतं. मी स्वतः धरून बघितलाय. म्हणून महिन्याऐवजी दर आठवड्याला थोडं थोडं ऑइल काढायला लावलं आणि एक स्टूल मागवलं. स्टूल आलं. नवा दांडा अजून आलेला नाही. फेरीला गेलो की दांड्याच्या मानेवरून बोट फिरवून बघतो. तार बांधली असेल तर रंगावर बारीक ओरखडा उठतो, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो.