लिमयेकाकूंच्या गोलात ‘मल’ : आद्याक्षरांचा माझा अनुभव

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीसाठी मी सभासदांच्या यादीचं एक छोटं अ‍ॅप केलं. फोटो नसेल तिथे रंगीत गोलात नावाची आद्याक्षरं दिसतील अशी सोय ठेवली. पहिल्याच संध्याकाळी लिमयेकाकूंनी जिन्यात गाठलं आणि फोन पुढे केला. “अरे, माझ्या नावापुढे हे काय आलंय बघ.” त्यांचं नाव मीनल लिमये, आणि गोलात ठळक अक्षरांत ‘मल’ होतं. मला फार वाईट वाटलं. रात्री बसून सगळी यादी तपासली.

चूक `name[0]` मध्ये होती. संगणकाच्या लेखी ‘मी’ म्हणजे ‘म’ आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हं. ‘श्री’ची तर चार: श, हलन्ताची खूण, र आणि वेलांटी. `[0]` त्यातलं पहिलं चिन्ह तेवढं उचलतं. त्यामुळे श्रीधरचा ‘श’ झाला, ज्ञानेश्वरचा ‘ज’ आणि क्षितिजाचा ‘क’. इंग्रजी नावांवर हाच कोड बिनचूक चालत होता, म्हणून चाचणीत काही कळलं नाही.

मग मराठीत आद्याक्षर म्हणजे काय? उत्तर घरातल्या पुस्तकांच्या कपाटात मिळालं. पु. ल. देशपांडे, प्र. के. अत्रे, चिं. वि. जोशी, ग. त्र्यं. माडखोलकर. आपण मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर सगळं ठेवतो. त्र्यंबकचा ‘त’ कोणी करत नाही, ‘त्र्यं’ करतो. म्हणजे मला हवं होतं ते पहिलं पूर्ण अक्षर.

ब्राउझरमध्ये यासाठी `Intl.Segmenter` आहे. तो वापरला, माझ्या लॅपटॉपवर ‘श्री’ नीट आलं. वडिलांच्या जुन्या फोनवर मात्र ‘श्’ दिसला, खाली पाय मोडलेला. देवनागरी जोडाक्षर मधे तोडायचं नाही हा नियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत सप्टेंबर 2023 मध्ये, 15.1 आवृत्तीत आला. त्याआधीचे नियम पाळणारा फोन ‘श्’ आणि ‘री’ वेगळे धरतो. सोसायटीत जुने फोन भरपूर, म्हणून देवनागरीपुरता नियम स्वतःच लिहिला:

```js
const AKSHAR = /^[\u0904-\u0939\u0950\u0972]\u093C?\u200D?(?:\u094D\u200D?[\u0915-\u0939]\u093C?)*[\u0900-\u0903\u093E-\u094C]*/;

function pahile(word) {
  const m = word.match(AKSHAR);
  return m ? m[0] : Array.from(word)[0];
}
```

आधी एक मूळ अक्षर. मग हलन्त आणि व्यंजन ही जोडी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा. शेवटी मात्रा आणि अनुस्वार. ‘त्र्यंबक’वर चालवून बघा: त, मग ्र, मग ्य, शेवटी अनुस्वार, ‘ब’पाशी थांबतो. `\u0950` हा ‘ॐ’ मागाहून घातला, कारण बी विंगमधल्या एका मुलाचं नाव यादीत ‘ॐकार’ असं आहे. `\u200D` हे न दिसणारं चिन्ह. ‘अ‍ॅ’ काही कीबोर्ड त्याच्या मदतीने लिहितात, तर काही `\u0972` हे एकच चिन्ह वापरतात. दिसायला दोन्ही सारखेच.

पूर्ण नाव असेल तर पहिला आणि शेवटचा शब्द घेतला; मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव सोडलं. शब्द वेगळे करायला `trim().split(/\s+/)` वापरलं, कारण यादीत बऱ्याच नावांत दोन-दोन स्पेस होत्या. दोन अक्षरं नुसती चिकटवली की त्यांचा शब्द होतो, ‘मल’ झाला तसा. म्हणून मधे टिंब आणि जागा ठेवली. ‘प्रा. क्षी.’ चाळीस पिक्सेलच्या गोलात मावत नाही, तिथे फक्त पहिलं अक्षर दाखवतो. अक्षरांचा आकारही कमी करावा लागला, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जात होते.

सगळ्यात जास्त वेळ ‘श्री.’ने खाल्ला. यादीत अर्ध्या नावांपुढे ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ होतं, म्हणून ते काढून टाकलं. मग आठवलं, श्री. ना. पेंडसे यांच्यातला ‘श्री’ श्रीपादचा आहे! आता नियम असा की पुढचा शब्दही टिंबवालं आद्याक्षर असेल तर ‘श्री.’ला हात लावायचा नाही. पण ‘श्री. ना. सी. फडके’ असं कोणी लिहिलं तर हा नियमही चुकतो.

आडनाव आधी लिहिणाऱ्यांचं काय, हे कोडला कळणं शक्यच नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, तीच सवय अनेकांना आहे. त्यामुळे फॉर्ममध्ये उपाधी, नाव, मधलं नाव, आडनाव असे चार वेगळे रकाने केले आणि खाली ‘गोलात दिसणारी अक्षरं’ हा पाचवा, ज्याला हवं त्याने स्वतः बदलावा.

काकूंनी तो बदलला नाही. त्यांच्या गोलात आता ‘मी. लि.’ आहे.