स्प्रेडच्या मधले सौदे: खोटा व्हॉल्यूम तपासण्याच्या प्रयोगाची नोंद

गेल्या नोंदीत क्रिप्टो एक्स्चेंजवरचा व्हॉल्यूम खरा की खोटा, याचा अंदाज कँडलखालच्या व्हॉल्यूमच्या काड्यांवरून बांधायचा प्रयत्न केला होता. या वेळी चार्ट बाजूला ठेवून सरळ ऑर्डर बुक, म्हणजे लागून राहिलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरची यादी, आणि झालेल्या सौद्यांचा फीड एकत्र नोंदवायला घेतले. प्रश्न एकच ठेवला: फीडमध्ये दिसणारा प्रत्येक सौदा बुकमधून काही खातो का?

खऱ्या सौद्यात कुणीतरी आधी ऑर्डर लावून बसलेला असतो आणि दुसरा येऊन ती उचलतो. म्हणजे सौदा साधारणपणे सर्वोत्तम बिडवर, म्हणजे खरेदीच्या सर्वात वरच्या भावावर, किंवा सर्वोत्तम आस्कवर, म्हणजे विक्रीच्या सर्वात खालच्या भावावर, व्हायला हवा आणि तिथली संख्या तेवढीच घटायला हवी. वॉश ट्रेडिंगच्या, म्हणजे स्वतःच स्वतःशी सौदे करणाऱ्या, बॉटला हे परवडत नाही. बिड किंवा आस्कला हात लावला तर समोरचा अनोळखी माणूस त्याचा माल घेऊन जाईल. म्हणून तो बिड आणि आस्कच्या मधल्या मोकळ्या जागेत, म्हणजे स्प्रेडच्या आत, स्वतःची विक्री लावतो आणि दुसऱ्या खात्यातून क्षणात स्वतःच विकत घेतो. बुक होते तसेच राहते, व्हॉल्यूम मात्र वाढतो.

ही युक्ती नवी नाही. 2019 च्या मार्चमध्ये बिटवाइज कंपनीने अमेरिकेच्या रोखे बाजाराची नियामक संस्था एसईसीला सादर केलेल्या विश्लेषणात 81 एक्स्चेंजेस तपासली होती, आणि बिटकॉइनचा जाहीर होणारा सुमारे 95 टक्के स्पॉट व्हॉल्यूम बनावट किंवा बिगर-आर्थिक असल्याचा निष्कर्ष काढला होता. कॉइनबेस प्रोवर तेव्हा स्प्रेड एक सेंट इतका बारीक असायचा. संशयास्पद एक्स्चेंजेसवर मात्र प्रचंड व्हॉल्यूम आणि तरीही रुंद स्प्रेड अशी विचित्र जोडी दिसायची. इतके लोक खरेच सौदे करत असतील तर कुणीतरी मध्ये शिरून स्प्रेड कमी करणारच.

मी निवडलेली जोडी एका छोट्या एक्स्चेंजवरचे एक टोकन आणि डॉलरशी भाव जोडलेले यूएसडीटी अशी आहे. दोघांचीही नावे देत नाही. भाव 0.0412 च्या आसपास. सर्वोत्तम बिड 0.04085, सर्वोत्तम आस्क 0.04155, म्हणजे स्प्रेड सुमारे 1.7 टक्के. चोवीस तासांचा जाहीर व्हॉल्यूम सुमारे 21 लाख डॉलर. मधल्या भावापासून दोन टक्क्यांच्या आत बुकमध्ये एकेका बाजूला जेमतेम तीन हजार डॉलरच्या ऑर्डर. इथेच भुवई उंचावते: सगळी जवळची डेप्थ दिवसातून शेकडो वेळा रिकामी होऊन पुन्हा भरली तरच हा आकडा जमेल.

तपासणीचा गाभा एवढाच आहे; `ex` हा ccxt लायब्ररीतला एक्स्चेंज ऑब्जेक्ट आणि `sym` हे जोडीचे नाव:

```python
t0 = ex.milliseconds()
b0 = ex.fetch_order_book(sym, 20)
time.sleep(2)
b1 = ex.fetch_order_book(sym, 20)
t1 = ex.milliseconds()
tr = ex.fetch_trades(sym, since=t0, limit=100)

bid = max(b0['bids'][0][0], b1['bids'][0][0])
ask = min(b0['asks'][0][0], b1['asks'][0][0])
inside = [x for x in tr
          if t0 <= x['timestamp'] <= t1
          and bid < x['price'] < ask]
```

दोन बुकांपैकी वरची बिड आणि खालची आस्क मुद्दाम घेतली आहे. त्याने मधली जागा अरुंद होते आणि सौद्यावर खोटा आळ येण्याची शक्यता कमी होते. आपल्या संगणकाचे घड्याळ आणि एक्स्चेंजचे घड्याळ यांत फरक असतो, तो आधी `fetch_time()` ने मोजून वजा करावा. काही एक्स्चेंजेस ही सोय देत नाहीत. तिथे ताज्या सौद्यांच्या वेळांवरून अंदाज घ्यावा लागतो.

या जोडीवर साधारण दर सात सेकंदांना एक सौदा होतो, सरासरी 170 डॉलरचा. गुणाकार केला की जाहीर आकडा जवळपास तंतोतंत येतो, म्हणजे फीड आणि टिकर एकाच कथेचे आहेत. पण सौदे 0.04117, 0.04122, 0.04109 असे सगळे मधल्या पोकळीत, आणि बिड-आस्कची संख्या आधी होती तेवढीच नंतर. बिडवर किंवा आस्कवर झालेले आणि बुकमधून खरोखर तेवढी संख्या कमी करणारे सौदे वेगळे मोजले, तर ते जाहीर व्हॉल्यूमच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरतात. या जोडीचा खरा व्हॉल्यूम म्हणून मी तेवढाच धरतो, तोही वरची मर्यादा म्हणून.

आता या कसोटीच्या मर्यादा. स्प्रेडच्या आत झालेला एखादा सौदा म्हणजे लबाडी नव्हे. कुणी मध्ये ऑर्डर लावली आणि ती दोन स्नॅपशॉटच्या दरम्यान उचलली गेली, तर आपल्याला ती दिसणारच नाही. काही एक्स्चेंजेसवर लपवलेल्या ऑर्डर चालतात, तेही वाचून घ्यावे. संशय येतो तो सलग, तासन्‌तास, बहुतेक सौदे आत पडतात तेव्हा. शिवाय ही कसोटी फक्त रुंद स्प्रेडवर चालते. स्प्रेड एका टिकचा, म्हणजे भावाच्या किमान पायरीएवढा, असेल तर मध्ये जागाच नसते, आणि बनावट सौदे बिड-आस्कवरच लपतात. मोठ्या एक्स्चेंजच्या बिटकॉइन जोडीवर हाच कोड चालवून पाहिला तर हाती जवळपास काहीच लागत नाही. त्यावरून तिथला व्हॉल्यूम खरा ठरत नाही; फक्त कसोटी गैरलागू ठरते.

तिथे सौद्यांचे आकार पाहावे लागतात. माणसे 1000, 5000 असे गोल आकडे टाकतात, त्यामुळे खऱ्या बाजाराच्या हिस्टोग्राममध्ये त्या जागी सुळके उठतात. एक बारकावा: मार्केट बायमध्ये पुष्कळदा माणूस 100 यूएसडीटी टाकतो, मग टोकनची संख्या वेडीवाकडी येते. म्हणून टोकनची संख्या आणि सौद्याची यूएसडीटीतली रक्कम, दोन्हींचे हिस्टोग्राम काढायचे. तेही एकाच ऑर्डरचे तुकडे जोडल्यावर. माझ्या जोडीवर दोन्हीत सुळका नाही. 2000 ते 6200 टोकनच्या दरम्यान सगळे आकार सारख्याच प्रमाणात, आणि त्या कडांबाहेर जवळपास शुकशुकाट. कुणीतरी किमान आणि कमाल भरून यादृच्छिक संख्या काढली की असाच आयत दिसतो.

हे करतो कोण? कधी एक्स्चेंज स्वतः, कारण त्याला फी लागत नाही. कधी टोकनवाल्यांनी नेमलेला तथाकथित मार्केट मेकर. फीचा हिशेब इथे बोलका आहे: दोन्ही बाजूंना 0.2 टक्के धरले तर 21 लाखांवर दिवसाला 8400 डॉलर निव्वळ फीत जातील. तीन हजारांची डेप्थ ठेवणारा प्रकल्प रोज एवढे मोजत असेल हे मला पटत नाही. म्हणजे फीमाफी असावी, आणि फीमाफी असेल तर एक्स्चेंजला याची कल्पना असावी. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत गॉटबिट, झेडएम क्वांट आणि सीएलएस ग्लोबल या मार्केट मेकरांवर खटले उघड झाले. त्यांना पकडायला एफबीआयने नेक्सफंडएआय नावाचे टोकन स्वतःच तयार करवले होते. ते इथेरियमवर होते. ब्लॉकचेनवर निदान पत्ते तरी दिसतात. केंद्रीय एक्स्चेंजवर कोणत्या खात्याने कोणाशी सौदा केला हे बाहेरून कळतच नाही, म्हणून आपल्याला बुकाच्या आडवाटेने जावे लागते.

पुढची नोंद वेबसॉकेटवर करणार आहे. दोन सेकंदांचे स्नॅपशॉट सोडून बुकातला प्रत्येक बदल क्रमांकासह टिपला, तर मध्ये लागलेली विक्री आणि तिची उचल यांतले मिलिसेकंद मोजता येतील. सोबत बिटकॉइनच्या भावाचाही फीड ठेवतो आहे: मोठी पडझड झाली की खऱ्या जोडीचा व्हॉल्यूम उसळतो, माझ्या जोडीच्या काड्या तेव्हाही एकाच उंचीच्या राहतात का, ते पाहायचे आहे. कुणाकडे अशी रुंद स्प्रेडची जोडी असेल तर वरचा कोड चालवून आत पडलेल्या सौद्यांचे प्रमाण कळवा. एक्स्चेंजची फी आणि लपवलेल्या ऑर्डरची सोय आहे की नाही, तेही सोबत लिहा.