नाव कोणाच्या तोंडी येणार?

घरात पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलांसाठीच्या मार्गदर्शन उपक्रमाला आम्ही 'आधार' हे नाव जवळजवळ नक्की केले होते. आज दुसऱ्या वर्षातील एका मुलीने नमुन्याचे ओळखपत्र गळ्यात घातले आणि लगेच उलटे फिरवले.

"सर, 'मी आधारमध्ये आहे' असं मैत्रिणींना सांगितलं, की त्या विचारतील, तुला काय झालंय?"

नाव आधार देणाऱ्याच्या बाजूने ठेवले होते; ते उच्चारायचे मात्र तिला होते. भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'मध्ये दोन्ही क्रियापदांचा कर्ता विद्यार्थीच आहे, हे तेव्हा लक्षात आले. मग 'उमेद', 'पहिली पिढी' (हा तर शिक्काच!) अशी नावे तिच्याकडूनच त्या वाक्यात वदवून घेतली. 'वाटचाल' म्हणताना ती अडखळली नाही.

तुम्ही कोणते नाव सुचवाल?