शिडीची पायरी तुटली, त्यानंतरचं तक्रारपत्र

रंगकामासाठी एकाच बिलावर तीन ॲल्युमिनियमच्या शिड्या घेतल्या होत्या. त्यातल्या एकीची पायरी आमच्या रंगाऱ्याच्या पायाखाली तुटली आणि त्याचं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, तक्रारपत्र गेलं. पुढे सगळं अडलं ते पुरवठादाराच्या एकाच उत्तरावर: "शिडी दुकानात पाठवून द्या, कंपनीला दाखवतो, मग बघू."

फोन करावा तर हेच, मेल करावा तर हेच. अजून आठवलं की संताप येतो. शिडी त्यांच्या ताब्यात दिली की माझ्याकडे उरणार काय? मी दुसरं पत्र लिहिलं: शिडी आमच्याकडे कुलपात आहे, तुमचा माणूस पाठवा, आमच्यासमोर तपासा, फोटो काढा आणि पाहणीच्या नोंदीवर दोघांच्या सह्या करू.

एवढं अडून बसायला कारण होतं. पायरी रिव्हेटच्या भोकापासून फाटली होती. तुटलेल्या कडेचा थोडा भाग काळपट, मळलेला होता आणि उरलेला लखलखीत. लखलखीत भाग त्या दिवशी तुटलेला. काळपट भागात भेग आधीपासून असणार. कोणी कापडाने पुसलं किंवा तुटके तुकडे जुळवून पाहिले, की हा फरक जातो. म्हणून आम्ही दोन्ही टोकांवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली. त्याआधी पट्टी शेजारी धरून जवळून फोटो काढले.

मग नवं सुरू झालं, "वजन जास्त झालं असेल." शिडीवरच्या स्टिकरवर कमाल भार १५० किलो छापलेला. रंगारी ६८ किलोचा, हातात रंगाची दहा लिटरची बादली, म्हणजे साधारण १५ किलो, शिवाय ब्रश-पट्टी. सगळं मिळून नव्वदीच्याही आत. हा हिशोब स्टिकरच्या फोटोसकट पत्रात टाकला, आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. स्टिकरवरचा बॅच नंबरही पत्रात हवा. बाकीच्या दोन शिड्या त्याच बॅचच्या निघाल्या. त्या आम्ही वापरातून काढल्या आणि "या सुरक्षित आहेत असं लेखी द्या किंवा परत घ्या" असं विचारलं. त्यांनी लेखी काही दिलं नाही, पण त्यानंतर पाहणीला माणूस आला.

शेवटी तिन्ही शिड्यांचे पैसे द्यायला तयार झाले, पण पावतीवर ओळ होती, "तक्रार पूर्णपणे मिटली." ती मी खोडायला लावली आणि "फक्त शिड्यांची रक्कम मिळाली, दुखापतीचा खर्च बाकी" असं लिहून घेतलं. घाईत सही केली असती, तर रंगाऱ्याचं बिल आमच्याच अंगावर पडलं असतं. ते बिल आणि बुडालेली मजुरी नंतर वेगळ्या चेकने आली.

पत्र पोचीसह स्पीड पोस्टाने पाठवा. "मिळालंच नाही" हे मला पहिल्या पत्राच्या वेळी ऐकावं लागलं होतं.